फेलओव्हरची केऑस टेस्टिंग (रेप्लिकेशनमधली गृहीतकं शोधण्यासाठी)

डेटाबेसचा मुख्य सर्व्हर म्हणजे प्रायमरी पडला की त्याची कॉपी ठेवणारा स्टँडबाय त्याची जागा घेतो, ती कॉपी सतत ठेवत राहणं म्हणजे रेप्लिकेशन आणि जागा घेणं म्हणजे फेलओव्हर. हा फेलओव्हर मुद्दाम, आणि वाकड्या पद्धतीने घडवून आणायचा आणि सेटअप करताना आपण न बोलता काय काय गृहीत धरलं होतं ते उघडं पाडायचं, ही झाली त्याची केऑस टेस्टिंग. केऑस हा शब्द या अर्थाने रुळला तो नेटफ्लिक्सच्या केऑस मंकीमुळे, पण तिथे मुख्यतः सर्व्हर बंद पाडले जायचे आणि रेप्लिकेशनमधली खरी गंमत सर्व्हर धड बंद न पडण्यात आहे.

उदाहरण म्हणून पोस्टग्रेस घेऊ, वर फेलओव्हर सांभाळणारी पॅट्रोनी, प्रायमरी कोण हे ठरवणारं कुलूप ठेवायला एटसीडी, आणि ॲप्लिकेशन एचएप्रॉक्सी या प्रॉक्सीतून येतंय, जी कनेक्शन्स प्रायमरीकडे वळवते. प्रायमरीवरची पॅट्रोनी दर 10 सेकंदांनी एटसीडीमधलं 'लीडर मीच' हे कुलूप रिन्यू करते, आणि कुलपाची मुदत (`ttl`) डीफॉल्टने 30 सेकंद असते. बहुतेक टीम फेलओव्हर तपासतात तो `systemctl stop patroni` करून. पण ही फार सभ्य टेस्ट झाली, कारण त्यात पोस्टग्रेस नीट बंद होतं, शेवटचे बदल स्टँडबायपर्यंत पोचवतं, पॅट्रोनी कुलूप स्वतःहून सोडते, मग काही सेकंदात दुसरा उभा राहतो, काहीच हरवत नाही आणि सगळे खूष.

आता हेच असं करून बघा:

```
kill -STOP <patroni-pid>
```

पॅट्रोनी मेली नाही, गोठली. मशीनवर खूप लोड आला किंवा व्हर्च्युअल मशीन अडकलं तर साधारण असंच काहीतरी होतं, फक्त इथे पोस्टग्रेस मात्र मजेत चालू आहे. टेस्टसाठी एक छोटी स्क्रिप्ट लावायची, जी एकच कनेक्शन उघडं ठेवून सेकंदाला 10 ओळी लिहिते, प्रत्येकीला वाढता नंबर देते, आणि डेटाबेसने कमिट झालं सांगितलं की तो नंबर वेगळ्या मशीनवरच्या फाइलमध्ये टाकते. ही फाइल म्हणजे टेस्टचा पुरावा, ती नसेल तर फेलओव्हर 'झाला' एवढंच कळतं, काय गेलं ते कळत नाही.

समजा शेवटचं रिन्यू गोठण्याच्या 5 सेकंद आधी झालं होतं, म्हणून 25व्या सेकंदाला कुलूप संपलं आणि स्टँडबाय प्रायमरी झाला. एचएप्रॉक्सीला जुन्या पॅट्रोनीकडून उत्तर येत नाही म्हणून नवी कनेक्शन्स तिकडे जात नाहीत, पण आधीच उघडी असलेली तशीच राहतात, आणि कनेक्शन पूलमध्ये तर सगळीच आधीपासून उघडी असतात! म्हणजे आमची स्क्रिप्ट जुन्यावरच लिहितेय आणि तिला कमिटही मिळतंय. या क्षणी दोन्हीकडे `select pg_is_in_recovery();` चालवलं तर दोन्हीकडून `f` येतं, म्हणजे दोघंही स्वतःला प्रायमरी समजतायत, यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. 60व्या सेकंदाला `kill -CONT` दिलं की पॅट्रोनी जागी होते, कुलूप दुसऱ्याकडे आहे हे बघते, जुन्याला खाली उतरवते आणि `pg_rewind` चालू केलेलं असेल तर त्याचा डेटा नव्याशी जुळवते. मधल्या 35 सेकंदांच्या साधारण 350 ओळी गेल्या. लिहिणाऱ्याला तेव्हा एकही एरर दिसली नव्हती, फाइलमधले नंबर नव्या प्रायमरीशी ताडून बघितले तरच हे सापडतं.

इथे दोन गृहीतकं फुटली: कुलूप गेलं की लिहिणं थांबतंच, आणि प्रॉक्सीने सर्व्हर डाउन धरला म्हणजे त्यावरची कनेक्शन्सही तुटली. दुसऱ्याला एचएप्रॉक्सीत `on-marked-down shutdown-sessions` लावता येतं. पहिल्यासाठी वॉचडॉग, म्हणजे पॅट्रोनीने वेळेवर हाक दिली नाही तर कुलपाची मुदत संपायच्या आत मशीनच रिसेट करणारा टायमर. पण त्याचा डीफॉल्ट मोड `automatic` आहे आणि त्याचा अर्थ `/dev/watchdog` मिळालं तर वापर, नाही मिळालं तर तसंच पुढे चाल. कंटेनरमध्ये बऱ्याचदा हे डिव्हाइस दिलेलंच नसतं, त्यामुळे कॉन्फिगमध्ये वॉचडॉग दिसतो आणि टेस्टमध्ये मशीन रिसेट होत नाही. मोड `required` केला तर वॉचडॉगशिवाय तो नोड लीडर होतच नाही, माझ्या मते हेच बरं.

सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये हे नुकसान बरंच टळतं, कारण स्टँडबायची पोच येत नाही म्हणून जुन्यावरचे कमिट अडकून राहतात. पण अडकलेली क्वेरी कोणी कॅन्सल केली तर पोस्टग्रेस वॉर्निंग देऊन ती जुन्यावर कमिट झालेलीच धरतं, म्हणून ॲप्लिकेशनचा टाइमआउट चालू ठेवून हीच टेस्ट परत करावी लागते.

असा घोटाळा प्रत्यक्षातही झालाय. 21 ऑक्टोबर 2018 ला गिटहबच्या नेटवर्कमधला एक दुवा 43 सेकंद तुटला, तेवढ्यात त्यांच्या मायएसक्यूएलचा फेलओव्हर अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर झाला, दोन्ही बाजूंना एकमेकांकडे नसलेल्या नोंदी उरल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटं लागली.