स्मार्ट टीव्हीवरील बफरिंग

स्मार्ट टीव्हीवर नेटफ्लिक्स, यूट्यूब यांसारखे अ‍ॅप चालू असताना चित्र थांबून मधोमध चक्र फिरत राहते, पण त्याच वाय-फायवर मोबाइल आणि लॅपटॉप सुरळीत चालतात. हा घरगुती इंटरनेटमधला नेहमी आढळणारा बिघाड आहे. मोबाइल चालतो म्हणजे नेट ठीक आहे आणि दोष टीव्हीतच आहे, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो बहुतेकदा घाईचा ठरतो, कारण दोन्ही पडद्यांची मागणी सारखी नसते.

ऑनलाइन व्हिडिओ काही सेकंदांच्या छोट्या तुकड्यांत येतो. अ‍ॅप पुढचे तुकडे आधीच मागवून मेमरीत ठेवते. हा साठा म्हणजे बफर. तुकडे येण्याचा वेग पाहण्याच्या वेगापेक्षा कमी पडला की साठा आटतो आणि चक्र फिरू लागते. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि ४के दर्जासाठी १५ एमबीपीएस वेग सुचवते. मोबाइलचे अ‍ॅप लहान पडद्यावर बऱ्याचदा कमी दर्जाचे चित्र घेते, म्हणून त्याला थोडका वेगही पुरतो.

दुसरा फरक जागेचा. मोबाइल हातात फिरतो, टीव्ही भिंतीला चिकटलेला असतो आणि त्याचा अँटेना पॅनेलच्या मागे दडलेला असतो. १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन असलेला एक फ्लॅट डोळ्यांसमोर आणू. राउटर दाराजवळ आहे, टीव्ही दोन भिंती पलीकडे हॉलमध्ये. मोबाइल वाय-फायच्या दोन लहरी-पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडला जातो आणि ८० एमबीपीएस दाखवतो. टीव्ही मात्र २.४ गिगाहर्ट्झवर अडकलेला असतो. त्या पट्ट्यावर शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी असते, कारण एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. संध्याकाळी टीव्हीला ६ एमबीपीएस मिळाले, तर फुल एचडी कसेबसे चालेल, ४के अडकणारच.

म्हणून वेग मोजायचा तो टीव्हीवरच. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये fast.com उघडता येते, पण त्याहून बोलके साधन यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये आहे. व्हिडिओ चालू असताना सेटिंग्जमधून Stats for nerds सुरू करावे आणि Buffer Health या ओळीवर नजर ठेवावी. आकडा २० सेकंदांवरून १२, ५ आणि शेवटी ० असा उतरत गेला, तर तुकडे वेळेवर पोहोचत नाहीत. आकडा भरलेला असूनही चित्र झटके देत असेल आणि गळलेल्या फ्रेमची संख्या वाढत असेल, तर टीव्हीचा प्रोसेसर कमी पडतो आहे. तिथे नेटवर्कची कितीही दुरुस्ती केली तरी उपयोग नाही.

दोष नेटवर्कचा निघाला, तर राउटरमध्ये दोन पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडून पुन्हा मोजावे. मात्र हा पट्टा भिंतींपुढे लवकर नमतो, त्यामुळे लांबच्या खोलीत फायदा होईलच असे नाही. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लॅन केबल. अनेक टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसपुरतेच असते, पण ४के साठी ते भरपूर आहे. टीव्हीमागे यूएसबी ३.० ची हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर चाचणीपुरती काढून पाहावी. तिच्यातून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींमध्ये अडथळा आणतो.

डीएनएस बदलण्याचा सल्ला फार सढळपणे दिला जातो. डीएनएसचे काम नावावरून पत्ता शोधण्याचे. ते मंद असेल तर अ‍ॅप उघडायला किंवा व्हिडिओ सुरू व्हायला उशीर होतो, वाहत्या तुकड्यांचा वेग त्याने थेट घटत नाही. एक अपवाद महत्त्वाचा आहे. व्हिडिओ कंपन्या जागोजागी सर्व्हर ठेवतात आणि काही सेवा डीएनएसच्या ठिकाणावरून जवळचा सर्व्हर ठरवतात. टीव्हीत पूर्वी कोणी दूरचे डीएनएस घातले असेल, तर व्हिडिओ लांबून येऊ लागतो. अशा वेळी एखादेच अ‍ॅप अडकते, बाकीची चालतात. तेव्हा आधी ऑटोमॅटिकवर परत जावे, नंतर हवे तर गूगलचे 8.8.8.8 हे डीएनएस घालून ताडून पाहावे. अँड्रॉइड टीव्हीवर डीएनएस बदलताना टीव्हीचा स्वतःचा आयपी पत्ताही हाताने द्यावा लागतो. तोच पत्ता राउटरने दुसऱ्या उपकरणाला दिला, तर जोडणी तुटत राहते आणि नवेच दुखणे मागे लागते.

कॅशे म्हणजे अ‍ॅपने तात्पुरत्या साठवलेल्या फायली. त्यांचा संबंध टीव्हीच्या तुटपुंज्या जागेशी आहे. स्टोरेज काठोकाठ भरले की अ‍ॅप रेंगाळतात, बंद पडतात. अँड्रॉइड टीव्हीवर अ‍ॅपच्या माहितीत Clear cache निवडावे. शेजारचे Clear data दाबले तर पुन्हा लॉगिन करावे लागते. रिमोटने बंद केलेला टीव्ही बऱ्याचदा नुसता झोपलेला असतो, त्यामुळे मेमरीतला कचरा तसाच राहतो. भिंतीवरचे बटण मिनिटभर बंद ठेवून चालू केले की तो खरोखर नव्याने सुरू होतो. एवढ्याने सुधारणा झाली आणि काही दिवसांत तोच त्रास परतला, तर अ‍ॅपची नवी आवृत्ती त्या जुन्या टीव्हीला पेलत नसावी. मग एचडीएमआयला वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावणे हा टीव्ही बदलण्यापेक्षा स्वस्त मार्ग उरतो.