दोन रकाने भरले म्हणजे काँट्रा नव्हे

लक्ष्मीपुरीतल्या एका धान्याच्या दुकानाची कीर्द परवा माझ्यापुढं आली. तीन रकान्यांची होती: कसर, रोख आणि बँक. कसर म्हणजे पैसे चुकते करताना दिलेली किंवा मिळालेली सूट. अक्षर मोत्यासारखं, पण कसरीच्या नोंदीपुढं खातेपानाच्या रकान्यात 'काँ' लिहिलेलं. मी विचारलं तर लिहिणारा म्हणाला, "दोन रकान्यांत आकडे आहेत की, मग काँट्राच नव्हं का?" गेली कित्येक वर्षं हाच घोळ निस्तरतोय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. काँट्रा म्हणजे आपल्याच रोख आणि बँकेतली फिरवाफिरव.

डावीकडं आवक, उजवीकडं जावक, हे तुम्हाला येतंच. व्यापारी सूट बिलातच वजा होते, ती कीर्दीत येतच नाही. आलेला चेक त्याच दिवशी भरला तर तो थेट बँकेच्या रकान्यात जातो, तिथं काँट्रा नाही. एवढ्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

खरी मेख पुढं आहे. कसरीच्या नोंदीत भरलेले दोन्ही रकाने एकाच बाजूला असतात. काँट्रात एक आकडा डावीकडं असतो आणि तोच आकडा उजवीकडं.

५ एप्रिलला एका हॉटेलवाल्यानं १०,००० च्या उधारीपोटी ९,८०० रोख दिले आणि २०० कसर घेतली. डावीकडं कसर २००, रोख ९,८००. ९ तारखेला गल्ल्यातले १५,००० बँकेत भरले. डावीकडं बँक १५,०००, उजवीकडं रोख १५,०००. हा काँट्रा. पैसा दुकानातच आहे, फक्त खिसा बदलला. त्याची नावे आणि जमा दोन्ही कीर्दीतच पुरी झाली, म्हणून खतावणीला जायचं कारण नाही. 'काँ' या खुणेचा अर्थच 'इथून पुढं खतवू नका' असा आहे.

कसरीचं उलटं आहे. कसरीचा रकाना नुसती टाचणवही. तिथं आकडा लिहून कुठलंच खातं पुरं होत नाही. हॉटेलवाल्याच्या खात्यावर ९,८०० आणि २०० मिळून १०,००० जमा करायचे. कसरीची एकूण बेरीज महिनाअखेरीला खतावणीत न्यायची. त्याच्यापुढं 'काँ' लिहिलं की ती बेरीज खतावणीत जात नाही.

आता महिना पुरा करू. सुरुवातीची शिल्लक रोख १२,०००, बँक ४५,०००. १६ तारखेला एका अडत्याचं २०,००० चं देणं १९,५०० च्या चेकनं भागवलं, ५०० कसर मिळाली. ही नोंद उजवीकडं. २४ ला दुकानासाठी बँकेतून ५,००० काढले, हा दुसरा काँट्रा. ३० ला हमालीचे ३,३०० रोख दिले.

रोख: डावीकडं २६,८००, उजवीकडं १८,३००, शिल्लक ८,५००. बँक: ६०,००० वजा २४,५००, शिल्लक ३५,५००. कसर डावीकडं २००, उजवीकडं ५००. आणि इथं हात थांबवायचा. ५०० मधून २०० वजा करून '३०० शिल्लक' लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दिलेली कसर तोटा आहे, मिळालेली कसर नफा. रकान्यांची बेरीज मारा, शिल्लक काढू नका. २०० 'कसर दिली' खात्यावर नावे, ५०० 'कसर मिळाली' खात्यावर जमा.

चुकलं तर कळतं कसं? कसर खतवायची राहिली, तर सगळ्या खात्यांच्या शिल्लका मांडलेल्या तेरजेत जमेची बाजू बरोब्बर ३०० नी कमी येते. फरक दोन कसरींच्या वजाबाकीइतका आला, की मी आधी तिथंच बघतो. काँट्रा चुकून खतवला, तर मात्र तेरीज जुळतेच, कारण नावे आणि जमा दोन्हीकडं तेवढीच रक्कम वाढते. आपल्या उदाहरणात दोन्ही काँट्रा खतवले, तर खतावणीत बँकेचं एक फालतू खातं १०,००० नावे आणि रोखीचं १०,००० जमा शिल्लक दाखवतं. बँकेत ओव्हरड्राफ्ट होऊ शकतो, पण गल्ल्यात शून्याच्या खाली पैसे कसे असतील? तेरजेत रोख जमेला दिसली, की 'काँ' ची खूण न बघता कुणीतरी खतवलंय.

शिल्लक काढल्यावर मी आणखी एक पडताळा घेतो. काँट्रानं रोख आणि बँक मिळून एक पैसा हलत नाही. सुरुवातीचे ५७,०००, अधिक ९,८००, वजा १९,५०० आणि ३,३००, म्हणजे ४४,०००. अखेरचे ८,५०० आणि ३५,५०० मिळूनही तेवढेच. आकडा जुळला नाही, तर बहुधा काँट्राची एक बाजू लिहायची राहिलेली असते.

१ मेला डावीकडं 'शिल्लक पुढे आणली' म्हणून रोख ८,५०० आणि बँक ३५,५०० लिहायचे. कसरीचा रकाना कोरा.