आठ वर्षांचा अबोला, आणि गोष्टीतून गळलेली एक रात्र

जुनं भांडण असलं ना, की दोन्ही बाजूंची गोष्ट पाठ झालेली असते. कधीही विचारा, सुरुवात तिथूनच, मधले प्रसंग तेच आणि शेवटी दोषी समोरचाच. खोटं बहुतेक वेळा कोणीच बोलत नसतं, फक्त त्या गोष्टीत न बसणारे प्रसंग सांगता सांगता गळून गेलेले असतात. नॅरेटिव्ह मीडिएशन नावाची मध्यस्थीची पद्धत आहे, ती हे गळलेले प्रसंग शोधते. जॉन विन्स्लेड आणि जेराल्ड मंक या दोघांनी न्यूझीलंडमध्ये काम करताना ती घडवली, २००० साली त्यावर पुस्तकही लिहिलं. मूळ कल्पना मात्र मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या फॅमिली थेरपीतली, की माणूस म्हणजे प्रॉब्लेम नाही, प्रॉब्लेम हाच प्रॉब्लेम.

वाचायला हे जरा गोडगोड वाटतं, मलाही वाटलं होतं. म्हणून एक केस रचून सांगतो.

भाऊ आणि मोठी बहीण, आठ वर्षं बोलणं बंद. आई आजारी होती तेव्हा भाऊ तिच्याजवळ राहायचा, ताई दुसऱ्या शहरातून पैसे पाठवायची. भाऊ म्हणतो ताईने हात झटकले, ताई म्हणते त्याने मला आईपासून तोडलं, कधी काही विचारलंच नाही. आता आई नाही, घर कोणाचं यावर अडलंय.

मध्यस्थ आधी दोघांना वेगवेगळं भेटतो, कारण समोरासमोर बसले की पाठ केलेली गोष्टच बाहेर पडते. मग एकत्र बसल्यावर विचारतो, की या सगळ्याला नाव काय द्याल? भाऊ लगेच म्हणतो, "तिचा बेजबाबदारपणा." इथे बरेच नवखे मध्यस्थ फसतात, नाव मिळालं म्हणून पुढे जातात, पण हे नाव म्हणजे आरोपच, फक्त नामाच्या रूपात. म्हणून मध्यस्थ परत विचारतो, "तो ताईंचा झाला. तुमच्या दोघांच्या मधे येऊन जे बसलंय, त्याला काय म्हणाल?" बराच वेळ शांतता, मग ताईच म्हणते, "हिशोब. कोणी किती केलं त्याचा." भाऊ मान हलवतो. मध्यस्थाने स्वतः नाव सुचवलं असतं तर ते टिकलं नसतं.

मग प्रश्न येतात ते या हिशोबाबद्दल. तो तुमच्याकडून काय काय करवून घेतो? भाऊ सांगतो की ताईचा नंबर दिसला की पोटात गोळा येतो, फोन उचलत नाही. ताई सांगते, मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याच्या नावाने लिहिली आणि कपाटातच ठेवली. हे असंच चालू राहिलेलं हवंय का, असं विचारल्यावर दोघंही नाही म्हणतात, आणि मध्यस्थ तिथेच थांबून "का नको?" विचारतो, कारण त्या उत्तरातून कळतं की दोघांना जपायचं काय आहे.

सगळ्यात अवघड काम कानाचं. भाऊ बोलता बोलता म्हणतो, "ऑपरेशनच्या आदल्या रात्री आली होती ती, पण एका रात्रीने काय होतं?" तक्रार 'पण'च्या पुढे आहे, मध्यस्थाला हवं ते 'पण'च्या आधी. त्या रात्री काय झालं? दोघं हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसले होते, ताईने एका बिलाच्या मागे औषधांचा तक्ता काढून दिला, कुठली गोळी कधी. भाऊ म्हणतो, "तोच तक्ता शेवटपर्यंत फ्रिजवर होता." ताईला हे माहीतच नव्हतं.

आता इथे घाई केली की संपलं. एक रात्र आठ वर्षांपुढे टिकत नाही, आणि "बघा, तुमचं किती प्रेम आहे" असं मध्यस्थ म्हणाला तर भावाला वाटणार की माझी जागरणं पुसली जातायत. म्हणून त्या रात्रीच्या आधीचं, नंतरचं असं आणखी विचारलं जातं, तसे प्रसंग जोडत जोडत दुसरी गोष्ट उभी राहते, आणि त्यात जागरणंही राहतात. बदल ऐकू येतो तो शब्दांत. "ती नेहमी" कमी होतं आणि "तेव्हा आम्हाला कळत नव्हतं" असं काहीतरी यायला लागतं. बैठकीनंतर मध्यस्थ पत्र लिहून दोघांना पाठवू शकतो, त्यांच्याच शब्दांत, म्हणजे घरी जाऊन जुनी गोष्ट परत ताबा घेत नाही.

जिथे मारहाण किंवा धाक आहे तिथे मात्र हे नको. "रागाने माझ्याकडून हात उचलवला" असं बोलायची सोय झाली की हात उचलणारा नामानिराळा, आणि घाबरलेली व्यक्ती समोर बसून खरं बोलणारच नाही.

आणि घर? ते तिसऱ्या बैठकीला निघालं. किंमत कोणाकडून काढून घ्यायची यावर दोघं चांगलेच जोरात भांडले, मधेच ताई म्हणाली, "हिशोब आला बघ परत," आणि भाऊ म्हणाला, "आलाय, पण किंमत तर काढायलाच लागेल ना."