'डिस्पाइट ऑफ' चूक आहे की नुसतं जुनं? एका 'ऑफ'ची पार्श्वभूमी

"डिस्पाइट ऑफ रिपीटेड रिमाइंडर्स..." अशी सुरुवात असलेला मेल ऑफिसात काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने एकदा तरी पाहिलाय, बऱ्याच जणांनी लिहिलाय पण. मग कुणीतरी म्हणतं की ऑफ काढ, नुसतं डिस्पाइट लिही, आणि दुसरा कुणीतरी म्हणतो अरे पण इन स्पाइट ऑफमध्ये तर ऑफ चालतं ना, मग इथे काय बिघडलं? प्रश्न अगदी रास्त आहे. आजचं उत्तर एका ओळीचं आहे, डिस्पाइटपुढे ऑफ लावायचं नाही आणि इन स्पाइटपुढे लावायचंच. पण हे असं का झालं ते बघायला गेलं की त्या ऑफची बाजू वाटते तितकी लंगडी निघत नाही.

मुळात स्पाइट आणि डिस्पाइट हे दोन शब्दच नाहीत, एकच आहे. लॅटिनमधे 'वरून खाली बघणे', म्हणजे तुच्छ लेखणे, या अर्थाचा शब्द होता, तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि इथे त्याचा अर्थ झाला तिरस्कार, अवमान. पुढे बोलता बोलता पहिलं अक्षर गळलं आणि स्पाइट उरला, जसं डिफेन्सचं फेन्स झालं, डिस्पोर्टचं स्पोर्ट झालं. दोन्ही नामं, आणि दोन्हींवरून फ्रेंच धाटणीचा वाक्प्रचार तयार झाला, इन डिस्पाइट ऑफ आणि इन स्पाइट ऑफ. शब्दशः अर्थ 'अमक्याचा अवमान करून'. आपल्याकडे 'नाकावर टिच्चून' म्हणतो ना, अगदी तेच. 'पावसाच्या नाकावर टिच्चून' यातला जो 'च्या' आहे तेच ते ऑफ. नाक हे नाम आहे म्हणून च्या लागतो, डिस्पाइट हे नाम होतं म्हणून ऑफ लागत होतं. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

गुंता होतो सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे, आणि तो बघायला मला एकच पुस्तक पुरेसं वाटतं. 1609 साली लंडनमधे शेक्सपिअरच्या 154 सॉनेट्सचा एक संग्रह छापला गेला. त्यात तिसऱ्या सॉनेटमधे 'डिस्पाइट ऑफ रिंकल्स' आहे, म्हणजे सुरकुत्या असूनही. चव्वेचाळिसाव्यात 'डिस्पाइट ऑफ स्पेस'. पण एकोणिसाव्यात तोच माणूस 'डिस्पाइट दाय राँग' लिहितो, ऑफ गायब. एकशेसाताव्यात 'स्पाइट ऑफ हिम' आहे, तिथे सुरुवातीचं इन गायब, आणि एकशेएक्केचाळिसाव्यात 'इन डिस्पाइट ऑफ व्ह्यू', अख्खं जुनं रूप जसंच्या तसं. एकच कवी, एकच पुस्तक आणि चार रूपं. तेव्हा कुणी त्याला लाल शाईने गोल केलं नसणार कारण त्यावेळी ही चारही रूपं चालू होती.

यातलं कुठलं कुठे वापरायचं हे त्याने अर्थावरून ठरवलं असं काही दिसत नाही, मात्रा मोजल्या की उलगडा होतो. ओळीत दहा अक्षरं पाहिजेत, एक हलकं एक जड असं आलटून पालटून. 'डिस्पाइट ऑफ रिंकल्स'मधे स्पाइट जड, रिंकल्समधलं रिं पण जड, मधे एक हलकं अक्षर हवंच, ते काम ऑफ करतं. 'डिस्पाइट दाय राँग'मधे तेच काम दाय करतं, मग ऑफला जागाच नाही, घुसवलं असतं तर ओळ लंगडली असती. म्हणजे त्या काळी ऑफ ठेवायचं की काढायचं हे लिहिणाऱ्याच्या सोयीवर होतं, आणि माझ्या मते हीच या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. दोनच वर्षांनी, 1611 साली, इंग्रजी बायबलचं जे मोठं भाषांतर छापलं गेलं त्यात तर डिस्पाइट अजून चक्क नाम आहे, तिथे लोक कुणाचातरी 'डिस्पाइट करतात', म्हणजे अपमान करतात. शब्द एका पुस्तकात शब्दयोगी झालाय आणि दुसऱ्यात अजून नामच आहे, असा तो मधला काळ.

पुढे काय झालं तर डिस्पाइट हे नाम हळूहळू मेलं. नाम मेलं की त्याला चिकटलेल्या ऑफला आधार राहत नाही. समोरचं इन आधीच गळलेलं, अर्थ 'असूनही' एवढाच उरलेला, मग डिस्पाइट एकट्यानेच विथ, विदाऊट, बिसाइडच्या रांगेत जाऊन बसला, आणि त्या रांगेतले कुणी ऑफ घेत नाहीत. स्पाइटचं मात्र उलटं. स्पाइट हे नाम आजही जिवंत आहे, 'आउट ऑफ स्पाइट' म्हणजे खुन्नस म्हणून केलेलं, म्हणून इन स्पाइट ऑफ हा तीन शब्दांचा सांगाडा पण टिकला. इन गाळून नुसतं 'स्पाइट ऑफ' एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांमधे सर्रास सापडतं, आता ते पण गेलं. आणि डिस्पाइट ऑफ त्या शतकात जवळजवळ कवितेपुरतं उरलं होतं.

आता वादाचा मुद्दा. डिस्पाइट ऑफवर शिक्का कुठला मारायचा, 'जुनं' की 'चूक'? मोठे ऐतिहासिक कोश त्याची नोंद घेतात आणि शेजारी जुनाट असं लिहितात. वापराविषयीची पुस्तकं सरळ चूक म्हणतात. मग कुणीतरी कोशाचा फोटो काढतो आणि म्हणतो, बघा, एवढा मोठा कवी लिहीत होता, माझ्या मेलमधे का काटता? मला हा युक्तिवाद ऐकायला आवडतो पण पटत नाही. कोश सांगतो की हे रूप कधी होऊन गेलं, वापराचं पुस्तक सांगतं की आज लिहिलं तर वाचणारा काय समजेल, दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे आहेत. आणि खरं सांगायचं तर 'डिस्पाइट ऑफ रिपीटेड रिमाइंडर्स' लिहिणाऱ्याच्या हातात ते 1609 वरून आलेलं नसतं. ते इन स्पाइट ऑफ आणि डिस्पाइट यांची डोक्यात सरमिसळ होऊन नव्याने तयार झालेलं असतं, शिवाय बिकॉज ऑफ, इन्स्टेड ऑफ, रिगार्डलेस ऑफ हे शेजारी बसलेले आहेतच. दिसायला तेच रूप, पण वंश वेगळा. तरी एक गोष्ट मी 'चूक'वाल्यांना सुनावतो, की हे इंग्रजी न येण्याचं लक्षण वगैरे काही नाही, भाषेने एकदा स्वतः जे केलं होतं तेच लोक परत करतायत. आणि हे फक्त भारतीय इंग्रजीचं खूळ आहे असं म्हणणं तर साफ खोटं, इंग्रजी शिकणारे जगभर हे लिहितात.

बरं बिकॉज ऑफमधे ऑफ का टिकलं? कारण तिथे सुरुवातीचा शब्द गळला नाही, चिकटला. बाय अधिक कॉज मिळून बिकॉज, इन अधिक स्टेड मिळून इन्स्टेड. कॉज आणि स्टेड ही नामं आत शाबूत राहिली म्हणून ऑफ पण राहिलं. डिस्पाइटचं इन चिकटलं नाही, उडालंच.

आपल्याकडे अजून एक भर पडते ती शाळेतून. व्याकरणाच्या प्रश्नात 'दो' काढून इन स्पाइट ऑफ घालायला सांगतात, ते आठवत असेल. 'दो ही वॉज इल, ही केम टू स्कूल' याचं पोरं बिनधास्त 'इन स्पाइट ऑफ ही वॉज इल' करतात, मार्क जातात, मग 'इन स्पाइट ऑफ बीइंग इल' किंवा 'इन स्पाइट ऑफ हिज इलनेस' घोकून घेतात. नियम एवढाच की पुढे क्रियापदासकट अख्खं वाक्य चालत नाही, नाम पाहिजे नाहीतर आयएनजीवालं रूप, आणि डिस्पाइटला पण हाच नियम. वाक्यच घालायचं असेल तर मधे 'द फॅक्ट दॅट' लागतं, जे वाचायला जड होतं, त्यापेक्षा ऑलदो बरं. तर घोकताना डोक्यात बसतं ते 'ऑफ बीइंग' हे जोडीने, मग डिस्पाइट लिहायची वेळ आली की 'डिस्पाइट ऑफ बीइंग इल' आपोआप येतं. दोन्हीची जागा एकच, नियम एकच, मग ऑफ पण एकच असणार असं हाताला वाटतं.

मग फरक काय उरला? अर्थाचा काहीच नाही, हे ठामपणे सांगतो, कारण इन स्पाइट ऑफमधे जास्त जोर असतो, त्यात खुन्नस असते असं शिकवणारे भेटतात. खुन्नस नुसत्या स्पाइटमधे आहे, 'इन स्पाइट ऑफ द रेन' म्हणणाऱ्याचं पावसाशी काही वाकडं नसतं. फरक आहे तो वापराचा. एकोणिसाव्या शतकात गद्यात इन स्पाइट ऑफचंच राज्य होतं, डिस्पाइट त्यामानाने कमी, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील इंग्रजीत डिस्पाइट पुढे गेला. यात बातम्यांच्या मथळ्यांचा हात असावा असं मला वाटतं, इन स्पाइट ऑफला जागा धरून अकरा खुणांची जागा लागते आणि डिस्पाइटला सात, एका कॉलमच्या मथळ्यात चार अक्षरं म्हणजे पुष्कळ झाली. आज बातम्या, रिपोर्ट, पेपर यात डिस्पाइट जास्त, बोलण्यात दोन्ही. एखादी जागा अशी आहे की तिथे जुनं रूप कानाला जास्त गोड लागतं, 'ही लाफ्ड इन स्पाइट ऑफ हिमसेल्फ', म्हणजे नको नको म्हणत हसू फुटलंच. तिथे डिस्पाइट पण बरोबरच आहे, मी मात्र बदलत नाही.

राहता राहिलं 'इनस्पाइट' असं जोडून लिहिणं. इन्स्टेड जुळलं, इनडीड जुळलं, मग हेही जुळायला काय हरकत होती, पण जुळलं नाही, ते आजही तीन सुटे शब्द आहेत. गंमत अशी की कॉम्प्युटरचा साधा स्पेलचेक इनस्पाइटखाली लगेच लाल रेघ मारतो कारण तो शब्दच कोशात नाही. डिस्पाइट आणि ऑफ हे दोन्ही शब्द मात्र सुटे सुटे बरोबर, त्यामुळे त्यांच्याखाली रेघ येत नाही आणि मेल तसाच जातो.