वर्गवार रिटर्न-दर

विकलेल्या मालापैकी किती नग परत आले आणि किती नगांचे पैसे परत द्यावे लागले, याचा मालाच्या प्रकारानुसार ठेवलेला हिशेब. कुर्त्या आणि काजूगर दोन्ही ऑनलाइन विकणाऱ्या दुकानाला एकत्र सरासरी फारशी उपयोगाची नसते. काजू सहसा परत येत नाहीत आणि त्यांच्या आडोशाला कपड्यांचे दुखणे लपून राहते.

परत आलेल्या नगांना पोचलेल्या नगांनी भागले की दर मिळतो. मात्र दोन्ही आकडे एकाच काळात पाठवलेल्या मालाचे हवेत. गोव्यात चवथीच्या आधी कपड्यांची विक्री चढते आणि त्यातले रिटर्न चवथ उलटल्यावर येतात, तेव्हा विक्री उतरलेली असते. त्या महिन्याचे रिटर्न त्याच महिन्याच्या विक्रीने भागले तर चांगला मालही बिघडलेला दिसतो. परत करण्याची मुदत संपेपर्यंत आकडा कच्चाच धरावा. ग्राहकाने घेतलेच नाही असे पार्सल वेगळ्या रकान्यात टाकतात. जे उघडलेच नाही त्यावरून मापाचा दोष कसा कळणार?

समजा, म्हापशातल्या एका दुकानाच्या 240 कुर्त्या पोचल्या आणि 43 परत आल्या. दर झाला सुमारे 18 टक्के. इथे थांबले तर हाती काहीच लागत नाही. मापे वेगळी केली की चित्र उघडते: एम, एल आणि एक्सएल प्रत्येकी 80 गेल्या; परत आल्या अनुक्रमे 6, 9 आणि 28. एक्सएलच्या 28 पैकी 23 जणींनी ‘घट्ट होते’ असे कारण दिले आहे. उरलेल्या पाचांपैकी चौघींनी दोन मापे एकदम मागवून एक ठेवले होते; तो कुर्तीचा दोष नव्हे.

कारणावर मात्र डोळे झाकून विसंबू नये, कारण पर्यायांच्या यादीत जे पहिले दिसेल त्यावर बोट ठेवणारे ग्राहक पुष्कळ. परत आलेली कुर्ती टेबलावर पसरून टेप लावावी. तक्त्यात छाती 44 इंच आणि टेपवर 42 भरली, जुन्या लॉटची कुर्ती मात्र 44 भरली, तर नव्या लॉटची कटिंग चुकली. दोन्ही लॉट तक्त्याबरहुकूम असूनही घट्ट होत असतील तर तक्ताच दुरुस्त करायला हवा.

काजूगरांचे गणित निराळे. पावसाळ्यात पाकिटाचे सील नीट बसले नसेल तर गर सादळतात. ग्राहक फोटो पाठवतो आणि दुकानदार माल परत न मागवता पैसे देऊन टाकतो. अशा वेळी रिटर्न शून्य दिसतात आणि तक्रार फक्त परताव्याच्या रकान्यात उमटते. आठ पाकिटांत दोन परतावे म्हणजे 25 टक्के खरे, पण एवढ्या नगांवरून पॅकिंगवाला बदलण्याआधी त्याच लॉटची शिल्लक पाकिटे दाबून हवा सुटते का ते पाहणे बरे.