वर्गातले पंखे-कूलर दुरुस्त करून घेण्याचा अर्ज : कुठे अडतो आणि कसा लिहावा

‘वर्गातील पंखे बंद आहेत, कृपया दुरुस्त करावेत,’ एवढ्या एका ओळीचे अर्ज ढिगाने येतात आणि फाइलीतच राहतात. मुख्याध्यापकांना दुरुस्ती नको असते असं नाही. अर्ज लिपिकाकडे जातो, लिपिक वायरमनला बोलावतो, तो एकदा नुसतं पाहून जातो आणि सामान घेऊन कधी येईल याचा नेम नसतो. तोवर परीक्षा सुरू झालेली असते.

अर्ज वर्गप्रतिनिधीने किंवा पालकाने करावा आणि त्यावर वर्गशिक्षकांची सही घ्यावी. खरी अडचण सोबत जोडायच्या कागदाची आहे. तो कागद म्हणजे खोलीनिहाय यादी, आणि ती बहुतेक कोणीच जोडत नाही.

यादीत ‘बंद’ एवढंच लिहू नका, काय दिसतं ते लिहा. पंखा नुसता घुंघुं करतो पण फिरत नाही, किंवा पूर्ण वेगावर ठेवूनही संथ फिरतो, तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. खटका फिरवूनही वेग बदलत नसेल तर रेग्युलेटर बघायला हवा. कूलरचा पंखा चालतो पण हवा गरमच येते, तेव्हा पंप पाणी चढवत नसतो किंवा ताट्यांवर क्षार धरलेला असतो. एवढं कळलं की वायरमन पहिल्याच फेरीत सामान घेऊन येऊ शकतो.

नमुना असा :

‘विषय : खोली क्र. ७ मधील पंखे व कूलर दुरुस्तीबाबत.
महोदय, या खोलीतील ४ पंख्यांपैकी मागच्या दाराजवळचा पंखा घुंघुं करतो, फिरत नाही. फळ्याजवळच्या पंख्याचा वेग बदलत नाही. कूलरचा पंप पाणी चढवत नाही. या खोलीत परीक्षेची बैठकव्यवस्था असल्याने पहिल्या पेपरच्या आठ दिवस आधी, म्हणजे दि. … पर्यंत काम व्हावे, ही विनंती.’

‘परीक्षेपूर्वी’ या शब्दावर मात्र विसंबू नका. कार्यालय लेखी परीक्षा धरतं, तुमच्या प्रात्यक्षिक आणि सराव परीक्षा त्याआधीच उरकलेल्या असतात. म्हणून तारीखच लिहा, आणि तीही आठ दिवस हाताशी ठेवून, कारण दुरुस्त केलेला पंखा पुन्हा बंद पडला तर तेवढा वेळ लागतोच.

कूलरच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील किंवा पंखा छताशी हलत असेल, तर अर्जाची वाट पाहू नका. शिक्षकांना सांगून मेन स्विच लगेच बंद करून घ्या, खालचे बाक हलवा आणि त्याचा अर्ज वेगळा द्या. हे यादीत बाकीच्यांसोबत लिहिलं की रांगेत मागे पडतं, आणि ते मुलांच्या जिवावर बेतू शकतं.

अर्ज दोन प्रतींत द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. ‘ठेवून जा, सांगतो,’ हे उत्तर पोच नव्हे. दिलेली तारीख उलटली तर त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या. नवा अर्ज केलात तर तुमचं काम पुन्हा रांगेच्या शेवटी जातं.