ड्रायर एकच, माल तीन प्रकारचा: मे महिन्यात आधी काय सुकवायचं?

आंबापोळी, फणसपोळी, सोलं, सुकी केळी असा माल करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आम्ही फोंड्यात लघुउद्योगांचे हिशेब बघतो. दरवर्षी एप्रिल संपता संपता एकच प्रश्न चारपाच जणांकडून येतो. आंबा, फणस, भिरंड सगळं एकदमच पिकतं, मागणी सगळ्यालाच असते, आणि ड्रायर मात्र एकच. दुसरा घ्यायला पैसे नाहीत आणि घेतला तरी जूननंतर तो झाकून ठेवावा लागणार. मग असलेल्या तासांत काय करावं?

बहुतेक जण किलोमागे जास्त सुटतं तो माल आधी घेतात. ऐकायला बरोबर वाटतं, पण ड्रायर कमी पडत असेल तर त्या हिशेबाने पैसे जातात. सत्तरीतल्या एका ग्राहक वहिनींच्या मागच्या वर्षीच्या वहीवरून हे दाखवतो. त्यांच्या परवानगीने आकडे थोडे बदलून सोपे केले आहेत.

वहीत काय होतं

आधी एक शब्द. विक्रीच्या किमतीतून त्या मालामुळेच होणारा खर्च, म्हणजे फळ, साखर, मीठ, सोलणावळ, ड्रायरची वीज, पाकीट आणि लेबल, वजा केला की जे उरतं त्याला कॉन्ट्रिब्युशन म्हणतात. जागेचं भाडं, दोन कायम बायकांचा पगार, ड्रायरच्या कर्जाचा हप्ता हे त्यात धरायचं नाही, कारण एकही पोळी केली नाही तरी ते द्यावंच लागतं.

वहिनींची आंबापोळी किलोला ६४० रुपयांना जाते. एका किलोला साधारण चार किलो रायवळ आंब्याचा रस लागतो, त्याचे २४० रुपये. साखर २०, वीज ५०, पाकीट-लेबल ५०. म्हणजे खर्च ३६० आणि कॉन्ट्रिब्युशन २८० रुपये. असाच हिशेब केल्यावर फणसपोळीचं किलोमागे २४० आणि सोलांचं १५० निघालं. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आंबा पहिला, फणस दुसरा, सोलं उरलेल्या वेळात." त्यांनी तसंच केलं होतं.

आम्ही त्यांना एकच जास्तीची गोष्ट मोजायला लावली: एक घाणा ड्रायरमध्ये किती तास अडकून राहतो? ट्रे आत गेल्यापासून पुढच्या घाण्याचे ट्रे आत जाईपर्यंतचा पूर्ण वेळ, भरणं आणि पुसणंही त्यात. सोलं आगळात बुडवून पुन्हा पुन्हा सुकवतात, तेव्हा ते सगळे फेरे मिळून एक घाणा धरला. बाहेर आगळात भिजत पडलेला वेळ धरला नाही, कारण तेव्हा ड्रायर मोकळा असतो.

| माल | एका घाण्यात | तास | घाण्याचं कॉन्ट्रिब्युशन | तासाला |
|---|---|---|---|---|
| आंबापोळी | २० किलो | २० | ५,६०० रु. | २८० रु. |
| फणसपोळी | २० किलो | १६ | ४,८०० रु. | ३०० रु. |
| सोलं | ३० किलो | १० | ४,५०० रु. | ४५० रु. |

क्रम पूर्ण उलटा झाला. आंबापोळी एका किलोत जास्त देते, पण तेवढ्यासाठी ड्रायर वीस तास अडवून ठेवते. त्याच वीस तासांत सोलांचे दोन घाणे निघतात आणि ५,६०० ऐवजी ९,००० रुपये पदरात पडतात. कमी पडत होते ते तास, किलो नव्हेत. म्हणून भागायचं ते तासांनी.

महिन्याचा बेत

वीज जाणं, सफाई आणि सुट्टी सोडून वहिनींच्या हातात मे महिन्यात ५०० तास होते. मागणी होती ३०० किलो आंबापोळी, २०० किलो फणसपोळी आणि ३६० किलो सोलं. सगळं करायचं तर अनुक्रमे ३००, १६० आणि १२० तास लागले असते, एकूण ५८०. म्हणजे ८० तास कमी.

त्यांच्या पद्धतीने आंबा पूर्ण, फणस पूर्ण आणि उरलेल्या ४० तासांत सोलांचे चार घाणे झाले. कॉन्ट्रिब्युशन ८४,००० अधिक ४८,००० अधिक १८,०००, म्हणजे १,५०,००० रुपये.

तासाच्या क्रमाने गेलं तर आधी सोलांचे बाराही घाणे, १२० तास आणि ५४,००० रुपये. मग फणस पूर्ण, १६० तास आणि ४८,०००. उरलेल्या २२० तासांत आंबापोळीचे अकरा घाणे, ६१,६०० रुपये. एकूण १,६३,६००. ड्रायर तोच, तास तेवढेच, माणसं तीच, आणि १३,६०० रुपये जास्त. भाडं, पगार आणि हप्ता मिळून त्यांचे ७०,००० दोन्ही वेळा तेवढेच जातात, त्यामुळे ही सगळी वाढ नफ्यात येते.

इथे एक सापळा आहे, आणि तो आम्ही वर्षानुवर्षं बघतो. वहिनींच्या आधीच्या हिशेबनीसाने हेच ७०,००० रुपये त्या महिन्यातल्या ६२० किलो मालावर सारखे वाटले होते. किलोला ११३ रुपये. मग सोलांच्या १५० मधून जेमतेम ३७ उरलेले दिसले आणि "सोलं परवडत नाहीत" असा शेरा वहीत पडला. सोलं बंद केली असती तरी भाड्याचा एक रुपयाही वाचला नसता. काय करायचं हे ठरवताना असा वाटलेला खर्च मध्ये आणू नका.

शब्द दिलेला असेल तर

मडगावच्या एका दुकानदाराला वहिनींनी २६० किलो आंबापोळी देण्याचं आधीच कबूल केलं होतं असं धरू. मग क्रम लावण्याआधी त्या तेरा घाण्यांचे २६० तास बाजूला काढायचे. उरलेल्या २४० तासांत सोलं १२० तास, आणि फणसपोळीचे सात घाणे ११२ तास. आठ तास उरतात, त्यात पूर्ण घाणा बसत नाही. एकूण येतात १,६०,४००, म्हणजे सर्वांत चांगल्या बेतापेक्षा ३,२०० रुपये कमी. जुनं गिऱ्हाईक राखण्यासाठी ही रक्कम फार नाही, असं आमचं मत. पण ती किती आहे हे आकड्यात दिसलं, की पुढच्या वर्षी बोलणी करताना उपयोगी पडते.

भावाचंही तसंच. कोणी जास्तीची आंबापोळी मागितली आणि त्यासाठी सोलांचे घाणे मागे ठेवावे लागणार असतील, तर वीस तासांचे ९,००० रुपये भरून निघायला किलोला ४५० कॉन्ट्रिब्युशन हवं. म्हणजे भाव ६४० नव्हे, ८१० सांगायला हवा.

शेजाऱ्याचा ड्रायर भाड्याने घ्यावा का?

हे बऱ्याच जणांना विचारायचं असतं. चांगल्या बेतात शेवटी राहून जातात ते आंबापोळीचे चार घाणे, ८० तासांचे. तेव्हा जास्तीचा एक तास तुम्हाला २८० रुपये मिळवून देतो, सोलांचे ४५० नव्हे, कारण सोलं तर पूर्ण झालेलीच आहेत. वीज तुमची असेल तर तासाला २८० पर्यंत भाडं परवडतं. वीज शेजाऱ्याची असेल तर आपल्या हिशेबात धरलेले तासाचे ५० वाचतात, म्हणून ३३० पर्यंत. पण हे फक्त ८० तासांपुरतं, आणि तिकडेही घाण्याला वीसच तास लागत असतील तर. त्यापुढे घ्यायला माल नाही, तेव्हा महिनाभराचं भाडं भरू नका.

त्याआधी आपल्याच ड्रायरचा वेळ कमी होतो का ते बघा. वहिनींनी आमच्या आग्रहाखातर एक घाणा पातळ पसरून बघितला. ट्रेमध्ये रस कमी मावला, २० ऐवजी १४ किलो पोळी निघाली, पण घाणा बारा तासांत उतरला. पातळ थरातलं पाणी आतून वर यायला फार कमी वेळ लागतो, त्यामुळे थराच्या मानाने तास जास्तच घटतात. विजेचे ६०० वजा जाऊन त्या घाण्याचे ४,०२० रुपये झाले, तासाला ३३५. आंबापोळी फणसपोळीच्या पुढे गेली! गिऱ्हाइकाला जाड पोळी हवी असते, म्हणून त्यांनी दोन पातळ पोळ्या एकावर एक दाबून बांधल्या. मात्र ट्रे जास्त वेळा भरावे लागतात. तुमच्याकडे हात तेवढे आहेत का, ते आधी बघा.

खरंच ड्रायरच कमी पडतोय ना?

हे तपासायला वही लागत नाही. सकाळी जाऊन बघा. भरलेले ट्रे ड्रायरबाहेर रांगेत आहेत, रस फ्रीजमध्ये साठून आहे, तर अडचण ड्रायरचीच. ड्रायर रिकामा आहे आणि कोपऱ्यात न फोडलेले फणस पडलेत, तर अडचण गरे काढणाऱ्या हातांची. मग कॉन्ट्रिब्युशन माणसाच्या तासाने भागायचं, आणि क्रम वेगळा येईल. दोन्ही एकदम कमी पडत असतील तर ही साधी पद्धत पुरत नाही. त्यासाठी संगणकावर वेगळा हिशेब मांडावा लागतो, तो आम्ही करून देतो.

आणि मेचा क्रम जूनमध्ये तसाच चालवू नका. पाऊस लागला की हवा ओली होते आणि त्याच सोलांना दहाऐवजी चौदा तास लागू शकतात. जास्तीच्या विजेचे २०० गेले की ४,३०० रुपये चौदा तासांत, तासाला सुमारे ३०७. मग ती फणसपोळीच्या बरोबरीला येतात. अर्थात फणसपोळीचेही तास वाढतील. म्हणून पहिल्या पावसानंतर प्रत्येक मालाचा एक घाणा नव्याने घड्याळ लावून मोजा.

आमच्याकडे येताना तीन गोष्टी आणा: गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक घाणा कधी आत गेला आणि कधी उतरला त्याची नोंद, घाण्याला निघालेलं सुक्या मालाचं वजन, आणि फळ-साखर-पाकिटांची बिलं. नोंद नसेल तर ड्रायरच्या दाराला दोरीने एक वही आणि पेन्सिल बांधा, आणि ट्रे आत ढकलणाऱ्या बाईलाच वेळ लिहायला सांगा. संध्याकाळी आठवून लिहिलेले तास जवळजवळ नेहमी कमी लिहिले जातात.